निसर्गाविरुद्ध लग्न

मार्तंड हरकरे नागपूरच्या एका कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचा. मनुष्यस्वभाव हा त्याचा खास विषय, आणि त्यावर त्याने इतकी वर्षं डोकं खपवलं होतं की घरातल्या एकाही मनुष्याचा स्वभाव जाणून घ्यायला त्याला सवड मिळाली नव्हती.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. चांगलं काय आणि वाईट काय हे राजाच्या हुकमाने ठरत नाही, पोथीने ठरत नाही, रूढीनेही ठरत नाही. ते माणसाच्या घडणीतच आहे. वर्गात तो विळीचं उदाहरण द्यायचा. विळी कशासाठी असते हे कळलं की चांगली विळी कोणती हे वेगळं सांगावं लागत नाही. तसंच माणूस कशाने पुरा होतो हे कळलं की त्याने कसं वागावं हे कळतं. माणसाच्या ओढी तीन थरांच्या. जगावं, टिकावं ही ओढ दगडधोंड्यांपासून सगळ्यांना. जोडीदार असावा, पोरं व्हावीत, ती वाढवावीत ही ओढ जनावरांनाही. आणि खरं काय ते जाणावं, दुसऱ्या माणसांच्या संगतीत राहावं, ही माणसाची स्वतःची. या ओढी ज्या गोष्टींकडे बोट दाखवतात त्या चांगल्या. बुद्धीने त्या ओळखायच्या आणि त्यांची नीट मांडणी करायची. याला तो 'निसर्गनियम' म्हणायचा. नावामुळे घोटाळाही व्हायचा. हे सर निसर्गोपचार शिकवतात असं समजून मोहल्ल्यातली दोन-चार माणसं त्याला मातीच्या पट्ट्यांविषयी विचारून गेली होती, आणि एकाला तर त्याने संकोचापोटी सल्लाही दिला होता.

एकोणऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. सक्करदऱ्याच्या घरात तेव्हा तिघंच होती: मार्तंड, त्याची बायको चारुशीला, आणि वडील वामनराव. वामनराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात भांडार सांभाळायचे. बायको गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर ते मुलाकडे राहायला आले. माणूस कमी बोलणारा. पोरगा तत्त्वज्ञान शिकतो म्हटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं होतं की याची नोकरी कुठल्या खात्यात लागते. पुढे ती लागली, तेव्हा त्यांनी विषय संपवला.

त्या रविवारी दुपारी जेवताना त्यांनी वांग्याच्या भाजीवर तेल मागितलं आणि तेवढ्याच सहज आवाजात सांगितलं, "मी अन् कुसुमताई लग्न करायचं म्हणून राहिलो."

कुसुमताई भोयर म्हणजे खापरखेड्याच्या वसाहतीतल्या दवाखान्यातली नर्स. ऐन तारुण्यात विधवा झालेली, आता निवृत्त होऊन माहेरच्या गावी, भिवापूरला राहणारी. मार्तंडच्या आईच्या शेवटच्या आजारात तीच येऊन सुया द्यायची. वामनराव अधूनमधून भिवापूरला मिरची आणायला जातात एवढं घरात ठाऊक होतं. हरकऱ्यांच्या घरी इतकी मिरची कोण खातं हा प्रश्न मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकाला कधी पडला नव्हता.

नागपूरच्याच महाल भागातून वामनरावांची धाकटी बहीण शोभाताई त्या दिवशी जेवायला आलेली होती. तिने ताट सरकवलं. आपण कोण, ती कोण, कुणब्याच्या घरची बाई देवघरात वावरणार का, असं तिचं सुरू झालं. यावर मार्तंडने तिला चांगलंच समजावलं. जात ही रूढी आहे, माणसाचा स्वभाव सगळीकडे एकच, तेव्हा त्यातून निघणारा नियम एका जातीला एक आणि दुसरीला दुसरा असूच शकत नाही. तो इतका रंगला की भाऊ आणि भाचा दोघंही फिरले असं समजून शोभाताई रडायलाच लागली.

"माझी हरकत वेगळी आहे," मार्तंड म्हणाला. "हे लग्न निसर्गाला धरून नाही."

वामनरावांनी घास खाली ठेवला. "काहून गा?"

आणि त्याने काहून ते सांगितलं. लग्नाचं प्रयोजन संतती, तिचं संगोपन. जे लग्न त्या प्रयोजनापर्यंत पोचूच शकत नाही ते नुसतं नावाचं. वाक्य चांगलं जमलं होतं, तेव्हा ते त्याने थोडं बदलून पुन्हा म्हटलं. चारुशीला ताकाची वाटी घेऊन येत होती. तिने वाटी त्याच्या ताटाशी ठेवली आणि आत निघून गेली.

लग्नाला बारा वर्षं होऊन गेलेल्या मार्तंड आणि चारुशीलेला मूल नव्हतं. हे त्या ओसरीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर त्याने ताक पिऊनही टाकलं होतं.

"तू काय बोलला हे तुले समजलं का?" वामनरावांनी हळू आवाजात विचारलं. मग हात धुऊन ते म्हणाले, "लोक हसतील हे कारण मले चालत नाही. जातीचं तर नाहीच. पण तू इतकं शिकला. चूक म्हणजे खरोखर चूक निघत असेल, तर मी नाही करत लग्न. नीट पाहून सांग."

मार्तंडला त्याही स्थितीत गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा बापाने त्याच्या शास्त्राला काही विचारलं होतं.

चारुशीला मागच्या अंगणात भांडी घासत होती. तो जाऊन उभा राहिला. तिने वर न बघता विचारलं, "मग आपण दोघं कुठे बसतो तुमच्या त्या निसर्गात?"

तो घाईघाईने म्हणाला की तसं नाही, यात एक भेद आहे, आणि जुन्या विचारवंतांनी तो स्पष्ट केलेला आहे. एखादी शक्ती तिच्या प्रयोजनाविरुद्ध मुद्दाम वळवणं वेगळं, आणि प्रयोजन आपल्या हातात नसलेल्या कारणाने साधलं न जाणं वेगळं. पेरलेलं उगवलं नाही म्हणून पेरणारा चुकला असं होत नाही. शिवाय लग्नाचं प्रयोजन एकच नाही. दोन माणसांनी एक आयुष्य वाटून घ्यायचं, एकमेकांचं व्हायचं, हेही लग्नाचं अंगच आहे. पोरं नसली तरी ते अंग पुरं असतं.

"हा भेद जेवताना नाही आठवला?"

"नाही."

"आणि बाबांना तो लागू होत नाही?"

मार्तंडने राख घेतली आणि एक पातेलं घासायला सुरुवात केली. ते आधीच घासलेलं होतं. चारुशीलेने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, पण ती त्याच्याशी बोलली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

पहिला मुद्दा असा घरातच निकालात निघाला. पण मार्तंड हटणाऱ्यातला नव्हता. त्याला वाटलं, निष्कर्ष बरोबरच आहे, फक्त पुरावा मिळायचा आहे. विद्यार्थ्यांनी असं केलं की तो त्यांचे मार्क कापायचा.

कायद्याचा प्राध्यापक देवराव हा त्याचा जुना मित्र. त्याच्या लेखी कायदा म्हणजे कायदेमंडळाने केलेला तेवढाच. बाकी सगळी कीर्तनं. चहा घेताना मार्तंडने एका परिचिताच्या वडिलांची गोष्ट म्हणून सारं सांगितलं. देवराव म्हणाला की विवाहाच्या कायद्यात किमान वय आहे, कमाल वय नाही, तेव्हा प्रश्न मिटला. मग नेहमीप्रमाणे त्याने मार्तंडच्या शास्त्रालाच हात घातला. माणूस असा आहे, यावरून माणसाने असं वागावं हे कसं निघतं? माणसं लाच खातात, एकमेकांवर जळतात, खोटं बोलतात. हेही स्वभावातच आहे की. मग तेही करावं का?

या आक्षेपापुढे मार्तंड कधी हरला नव्हता. त्याने कप बाजूला सारला. स्वभाव म्हणजे माणसं काय काय करतात त्याची गोळाबेरीज नव्हे, तो म्हणाला. शंभरातल्या नव्वद जणांचे दात किडलेले असले म्हणून किडणं हा दाताचा स्वभाव होत नाही. खोटं बोलणाऱ्यालाही आपल्याशी कोणी खरं बोलावं असं वाटतं, कारण जाणून घेणं हे माणसाचं भलं आहे हे त्यालाही आतून ठाऊक असतं. ही भली गोष्ट आपण कुठल्या मोजणीवरून काढत नाही. विचार करून वागायला लागलं की बुद्धी तिला आपोआप ओळखते. जगणं भलं, जाणणं भलं, सोबत भली. भलं ते करावं, बुरं ते टाळावं, हा सगळ्यात पहिला नियम, आणि बाकीचं त्याच्यावर उभं.

"म्हणजे सोबत ही भली," देवराव म्हणाला.

"निःसंशय."

"मग त्या म्हाताऱ्याने लग्न केलंच पाहिजे की."

"केलंच पाहिजे असं नाही निघत," मार्तंडने नेटाने दुरुस्ती केली. "प्रत्येक भली गोष्ट प्रत्येकाने केलीच पाहिजे असं नसतं. संन्यासी लग्न करत नाही, तो चुकत नाही. एवढंच निघतं की... करू नये असं म्हणता येत नाही."

बोलून झाल्यावर त्याला आपण काय सिद्ध केलं ते दिसलं. देवरावने परिचिताच्या वडिलांना शुभेच्छा कळवल्या आणि वामनरावांचीही प्रकृती विचारली.

त्यानंतरचे काही दिवस मार्तंडने रस्त्याने जाताना, पेपर तपासताना, दाढी करताना मुद्दे शोधले. म्हाताऱ्यांचं लग्न सगळ्यांनाच विचित्र वाटतं. ज्याची सगळ्यांना किळस येते ते स्वभावाविरुद्ध असणारच. हा मुद्दा एक सकाळ टिकला. मग त्याला आपली पणजी आठवली. नवरा गेल्यावर तिचे केस उतरवले, तेव्हा घरात कोणालाही ते विचित्र वाटलं नव्हतं. तिने ते राखले असते तर वाटलं असतं. सवय स्वभावाचा अंगरखा घालून फिरते, तिला ओळखायला शिका, हे वाक्य तो दरवर्षी वर्गात सांगायचा.

पुढचा मुद्दा जरा भक्कम होता. आईबापांना सांभाळणं हे मुलाचं कर्तव्य, आणि ते निसर्गनियमातलंच. म्हणून बापाने मुलाकडेच राहावं, लग्न करून भिवापूरला जाऊन राहू नये. पण इथेही त्याचंच शिकवणं आडवं आलं. मूळ नियम पक्का असतो. त्यातून काढलेले बारीक निष्कर्ष प्रसंगाप्रमाणे बदलतात. उसनी आणलेली वस्तू परत करावी हे बरोबर, पण शेजारी दारू पिऊन, भावाला मारायला निघालेला असताना आपली कुऱ्हाड मागायला आला तर देऊ नये. तसंच बापाला सांभाळावं हे खरं. त्यावरून बापाला ठेवून घ्यावं हे निघत नाही. बाप म्हणजे काही उसनी कुऱ्हाड नव्हे.

शेवटी त्याने ठरवलं की कुसुमताईंनाच जाऊन समजवावं. एका सुट्टीच्या दिवशी, घरी कॉलेजचं काम सांगून, तो एसटीने भिवापूरला गेला.

मिरचीचा हंगाम होता. गावात शिरल्यापासूनच त्याच्या घशाला खवखव सुरू झाली. कुसुमताईंच्या घरापुढचं अंगण सगळं लाल होतं, आणि त्या डोक्याला पदर बांधून वाळलेल्या मिरच्या खालीवर करत होत्या. त्याला पाहून त्या उठल्या, खाट टाकली, पाणी दिलं. कशासाठी आला हे त्यांनी विचारलं नाही. मार्तंडने घसा साफ करून मनुष्याच्या बुद्धिनिष्ठ स्वभावाविषयी पहिलं वाक्य टाकलं आणि त्याला लागोपाठ शिंका यायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. रुमाल संपल्यावर त्यांनी त्याला एक धुतलेला पंचा आणून दिला. नाकाला पंचा लावून, बुद्धीने ओढींना कसं आवरायचं असतं हे तो त्या बाईंना समजावत राहिला. असं करताना आपण कसे दिसत असू याचा अंदाज त्याला होता. पण निम्म्यावर आलेलं व्याख्यान थांबवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, मी जन्मभर दवाखान्यात होती. निसर्गाच्या भरवशावर सोडलं असतं तर खापरखेड्याची अर्धी लेकरं जगली नसती. हगवण निसर्गच आणते ना?"

हा प्रश्न म्हणजे मार्तंडला पर्वणीच. नाही नाही, तो उत्साहाने म्हणाला, इथेच लोकांचा घोटाळा होतो. जे आपोआप घडतं ते सगळं या अर्थाने निसर्ग नव्हे. आजार आपोआप होतो, पण शरीर ज्यासाठी आहे त्यात तो खोट आणतो, म्हणून आजार हा स्वभावाविरुद्ध. औषध माणसाने बनवलेलं असलं तरी ते स्वभावाच्या बाजूचं, कारण ते माणसाला पुरं करतं. तुम्ही जन्मभर निसर्गाविरुद्ध नाही, निसर्गाच्या बाजूने काम केलं.

"असं व्हय," कुसुमताई म्हणाल्या. त्यांना ते खरोखर पटलेलं दिसलं. त्यांनी पुढ्यातल्या मिरच्यांवर एकदा हात फिरवला. "मग एकटेपण कशात धरता? आजारात का निसर्गात?"

"आजारातच," मार्तंडच्या तोंडून नियमाप्रमाणे उत्तर गेलं. मग त्याने घाईने जोडलं, "पण बाबा एकटे कुठे आहेत? मी आहे ना."

पंच्यातून आलेला तो आवाज त्याने स्वतःच ऐकला. तो प्राध्यापकाचा नव्हता. शाळेतून आल्यावर घराला कुलूप दिसलं की ज्या आवाजात पोरगं शेजारणीला आई कुठे गेली म्हणून विचारतं, तसला काहीतरी तो होता. माणसाच्या ओढींचे तीन थर लावणाऱ्याला आपली एक ओढ इतक्या दिवसांत सापडली नव्हती: बाबांनी जाऊ नये. संध्याकाळी फाटकाची कडी वाजते, ते फिरून आलेले असतात, ओसरीवर बसून पायांची धूळ झटकतात. ते बंद होऊ नये. बाकी प्रयोजन, संतती, कर्तव्य हे सगळं त्याने त्या ओढीला नेसवलेलं धोतर होतं.

"तुम्ही आहात," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणून तर ते तुम्हाले विचारून राहिले. मले तर त्यांनी विचारलंही नाही, नुसतं सांगितलं."

त्यांनी त्याला जेवायला वाढलं. निघताना त्याने त्यांना वाकून नमस्कार केला, तोही शिंकत.

वामनराव रोज संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला जायचे. त्या दिवशी मार्तंड बसमधून उतरून सरळ तिकडेच गेला. ते काठावर बसले होते. तो शेजारी बसला. लाल डोळ्यांकडे आणि सुजलेल्या नाकाकडे बघून हा कुठून आला ते वामनरावांनी ओळखलं असावं.

"मले काही चूक सापडली नाही, बाबा."

"नीट पाहिलं?"

"नीट पाहिलं. उलट बरंच काही तुमच्या बाजूचंच निघते." त्याने तेही थोडक्यात सांगितलं, सोबत हे कसं भलं आहे वगैरे, आणि मग थांबला. पुढचं वाक्य त्याला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं. "पण तुम्ही जाऊ नये असं मले वाटते. हे काही कारण नाही. नुसतं वाटते."

वामनरावांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "हे पहिल्या दिवशीच सांगायचं होतं ना गा."

"सांगितलं असतं तर थांबले असते?"

"नाही," वामनराव म्हणाले. "पण चारुशीलेले ते बोलणं ऐकावं लागलं नसतं."

मार्तंडची ओढ खरी होती, ती चांगल्याच गोष्टीची होती, बापाची सोबत हेही भलंच. पण आपलं भलं दुसऱ्याच्या भल्याच्या आड कुठवर येऊ द्यायचं हे बुद्धीने ठरवायचं असतं. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि त्या पाठांतराचा त्याला त्या काठावर काडीचाही उपयोग झाला नाही. अंधारायला लागलं तशी वामनराव उठले आणि आधारासाठी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. तिथल्या कारकुनाने कागद पुढे ओढून, नवरदेव कोण, असं मार्तंडच्या तोंडाकडे बघत विचारलं, तेव्हा वामनरावांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. साक्षीदार म्हणून मार्तंड, चारुशीला आणि देवराव यांनी सह्या केल्या. परिचिताचे वडील कोण हे देवरावला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याने तसं सांगितलंही. शोभाताई आली नाही. तिने लाडू मात्र पाठवले, सोबत एक शब्दही न पाठवता.

त्याच महिन्यात एका व्याख्यानमालेत मार्तंडचं 'निसर्ग आणि नीती' या विषयावर भाषण झालं. श्रोते बेताचेच होते. त्याने आपला सिद्धान्त नेहमी मांडायचा तसाच मांडला. एक शब्द मागे घेतला नाही, कारण त्यात चूक सापडली नव्हती. फक्त शेवटी त्याने सांगितलं की स्वभावाच्या नावाने कोणी काही सांगायला लागला, तर ते त्याच्या सोयीचं आहे का एवढं आधी बघा, आणि उदाहरण म्हणून स्वतःचं नाव घेतलं. लोक हसले. पुढच्या रांगेतली चारुशीला हसली नसावी. तिने पदराने तोंड पुसलं, त्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं.

वामनराव भिवापूरला राहायला गेले आणि घर रिकामं वाटायला लागलं. दुसऱ्याच रविवारी सकाळी मार्तंड भिवापूरला जाऊन येऊ म्हणाला. चारुशीला म्हणाली की अजून पंधरा दिवस झाले नाहीत, त्या दोघांना जरा निवांत राहू द्या.

"मुलाने बापाची विचारपूस करणं हे निसर्गतःच..." त्याने सुरुवात केली.

तिने भाजी चिरता चिरता मान वर केली.

"मले जायचं आहे," मार्तंड म्हणाला.

"मग दोघं जाऊ. तुमचे जास्तीचे रुमाल घ्या," ती म्हणाली, आणि तो कपाटाकडे गेला.